माझंच बुक, त्याच्या बायोडाटावर

गेल्या गुरुवारी शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात रिलेशनशिप मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखती होत्या. मी आणि मुंबईहून आलेली एचआरची बाई. चौथा बायोडाटा कागलच्या पोराचा, दोनच पानं. 'पोर्टफोलिओ 18 कोटींवरून 31 कोटी, 118 कुटुंबं, ग्राहक टिकवण्याचं प्रमाण 93 टक्के, प्रति ग्राहक 3.4 प्रॉडक्ट, टार्गेट 112 टक्के.' वर जुन्या बँकेचं आणि शाखेचं नाव वाचलं आणि हातातला चहा टेबलावर ठेवला. हे बुक, म्हणजे सांभाळायला दिलेले ग्राहक आणि त्यांचे पैसे, माझं होतं. मी ती नोकरी सोडली तेव्हा ते 26 कोटींचं होतं, 140 कुटुंबांचं.

असले आकडे मी कधी तसेच्या तसे घेत नाही. टार्गेटचं तर बोलूच नका. 31 मार्चला आलेली ठेव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जाते आणि बायोडाटावर मात्र जन्मभर राहते. म्हणून मी महिन्याची सरासरी शिल्लक विचारतो. प्रॉडक्टच्या आकड्यात डेबिट कार्ड आणि मोबाइल बँकिंगसुद्धा धरलेलं असतं. म्हणून विम्याबद्दल वेगळं विचारतो : विकलेल्यांपैकी किती पॉलिसींचा दुसऱ्या वर्षीचा हप्ता आला? मुदत ठेव सांगून पॉलिसी गळ्यात मारली असेल तर ती इथे उघडी पडते. हा म्हणाला, "अकरातल्या नऊ, सर. दोघांना मीच नको म्हणायला हवं होतं." असं उत्तर मी आजवर ऐकलं नव्हतं.

मग वाढलेले 13 कोटी सोडवायला घेतले. त्यातले 6 कोटी एका फाउंड्रीवाल्याचे, शिरोलीकडची जमीन विकल्याचे, एका दिवसात आलेले. 3 कोटी बाजार वर गेल्यामुळे म्युच्युअल फंडात फुगलेले. उरले 4 कोटी. हे 4 कोटी त्याने आणलेले. हा हिशेब त्याने स्वतः मांडला, मला ओढून काढावा लागला नाही. बहुतेक उमेदवार बाजाराची वाढही स्वतःच्या खात्यावर घालतात. मीही घातलेली आहे.

खरी गोम 93 टक्क्यांत होती. एचआरच्या बाईंनी विचारलं, "118 पैकी किती राहिले?" "110." त्यांनी टिकमार्क केला. पण कुठल्या दिवसाच्या यादीवर भागलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं काम माझं होतं, आणि मला उत्तर ठाऊक होतं. 140 वर भागलं तर 79 टक्केच भरतात. मधल्या तीन महिन्यांत बुकाला मॅनेजरच नव्हता. 22 कुटुंबं आणि 8 कोटी गेले, त्यातली 15 कुटुंबं आणि साडेसहा कोटी इथे माझ्याकडे आले. माझ्या बायोडाटावर ते 'नवीन ग्राहक' म्हणून आहेत. नेमणूकपत्रात जुने ग्राहक ओढायचे नाहीत असं कलम होतं. मी म्हणायचो, मी कुठे ओढले, ते आपणहून आले.

"बुक हातात आलं तेव्हा कसं होतं?" मी विचारलं. नको होतं विचारायला.

"हँडओव्हरचा कागद होता, सर. मार्केट यार्डातल्या गुळाच्या व्यापाऱ्यांपुढे लिहिलं होतं, 'फोन उचलत नाहीत.' मग मी सकाळी सौद्याच्या वेळी समक्ष गेलो. ते ढेपेवर बोट दाबून बघत होते. मला म्हणाले, 'बस की रं. तुझं साहेब आत्ताच पंधरा दिवसामागं येऊन गेलं, फारम भरून घिऊन गेलं.'"

तो शेरा माझ्या अक्षरातला. ते गृहस्थ पहिल्या रिंगला फोन उचलतात, आजही.

पोराने नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, बायोडाटाच सरळ करत बसला. त्याला ठाऊक असणारच, कोल्हापूर ते केवढं. आणि मला अजून उलगडत नाही की 18 कोटींवरून सुरुवात दाखवण्यात त्याने लबाडी केली की मला झाकलं. नियमाने त्याचा आकडा बरोबरच आहे, बुक हातात आलेल्या दिवसापासूनच मोजतात.

शेवटी बाईंनी त्यांचा ठरलेला प्रश्न टाकला, "इथे किती बुक घेऊन येशील?" आमच्या धंद्यात भरती याच प्रश्नावर होते, बाकी सगळं तोंडी लावणं. तो म्हणाला, "तीन-चार कुटुंबं स्वतःहून येतील, मॅडम. बाकीच्यांना मी विचारणार नाही. यादी नीट करून देऊन येईन."

बाईंनी त्या रकान्यात दहापैकी तीन लिहिले. माझी सही बाकी आहे. फॉर्म आज चार दिवस ड्रॉवरमध्ये आहे, आणि 'उमेदवाराशी पूर्वीचा संबंध' हा रकाना मी अजून कोरा ठेवलाय.