फॉलो मीने कपाटाची कॉर्निस : माझा अनुभव

पुस्तकांच्या कपाटाचे मॉडेल स्केचअप या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना मी प्रत्येक फळी काढून होताच, शेजारची फळी हातात घेण्याआधी, तिचा कंपोनंट, म्हणजे एकत्र बांधलेला स्वतंत्र भाग, करतो. कारण मोकळ्या रेषा आणि पृष्ठे एकमेकांना टेकली की चिकटतात आणि मग एक फळी सरकवताना दुसरी ताणली जाते. कपाट ९०० मिमी रुंद आणि ३०० मिमी खोल होते. आतल्या फळ्या एकाच कंपोनंटच्या प्रती असल्याने एकीची जाडी बदलताच सगळ्यांची बदलली. फक्त तळाच्या फळीला खाच हवी होती, म्हणून तिला बाकीच्या प्रतींपासून वेगळी करणारे Make Unique वापरले. सगळा सांगाडा मग एका ग्रुपमध्ये ठेवला.

टॅग मी फक्त ग्रुप आणि कंपोनंट यांनाच देतो आणि आतल्या रेषा व पृष्ठे Untagged राहू देतो. टॅग केवळ दिसणे-न दिसणे ठरवतो, वस्तू वेगळ्या करत नाही. त्यामुळे टॅग देऊन लपवलेली मोकळी रेषाही शेजारच्या रेषेला चिकटलेलीच असते.

खरे काम होते ते माथ्यावरच्या कॉर्निसचे, म्हणजे कडेने पुढे येणाऱ्या पट्टीचे. कपाटाची मागची बाजू भिंतीला लागणार असल्याने डावी, पुढची आणि उजवी अशा तीनच कडांवरून मार्गरेषा काढली आणि डाव्या कडेच्या मागच्या टोकाशी, त्या कडेला काटकोनात, ४० मिमी पुढे येणारा छेद उभा केला. मार्ग आणि छेद एकाच कंपोनंटच्या आत, मोकळे असले पाहिजेत. आधी मार्ग निवडायचा, मग छेद मार्गावरून फिरवणारे Follow Me घेऊन छेदाच्या पृष्ठावर क्लिक करायचे, की कोपऱ्यांवरचे मायटर, म्हणजे तिरके सांधे, आपोआप जुळतात. पृष्ठे उलटी, म्हणजे मागच्या बाजूच्या निळसर रंगाची दिसली, तर Reverse Faces पुरते.

छेदातल्या बारीक गोलाईपाशी मात्र काही पृष्ठे तयारच झाली नाहीत आणि तिथे भोके दिसू लागली. सुमारे ०.०२५ मिमीपेक्षा जवळ आलेले बिंदू स्केचअप एकच धरतो, म्हणून अतिलहान कडा गळून पडतात. क्रिया मागे घेऊन मी कंपोनंटची एक प्रत बाजूला ठेवली, Scale ने ती शंभरपट केली आणि तिच्या आत शिरून Follow Me चालवले. मूळ लहान प्रतही त्याबरोबर घडली, तीही अखंड. मोठी प्रत मग पुसून टाकली.

अशी कॉर्निस सलग एकच तुकडा असते, सुताराला मात्र तीन तुकडे कापायचे असतात. म्हणून तिच्या आणखी दोन स्वतंत्र प्रती करून प्रत्येकीला Make Unique दिले. एकीत पुढचा आणि दुसरीत डावा भाग ठेवला, बाकीचे पुसले, आणि मायटरच्या उघड्या तोंडावरची एक कड पुन्हा गिरवताच पृष्ठ बंद झाले. उजवा तुकडा डाव्याचीच आरशातली प्रतिमा असल्याने तो त्याच कंपोनंटची उलटवलेली प्रत ठेवला. सलग कॉर्निस काढून टाकल्यावर तुकड्यांची मापे थेट घेता आली : बाहेरच्या कडेने पुढचा ९८० मिमी आणि बाजूचे दोन्ही ३४० मिमी.