हिरवा शेंबूड आणि नववा दिवस

सर्दीच्या सहाव्या दिवशी त्या आल्या. नाक चोंदलेलं, गाल जड आणि शेंबूड गडद हिरवा. हातात सायनसचा एक्स-रे होता, कुणीतरी आधीच काढायला लावलेला. त्यात उजव्या गालाच्या पोकळीत सावली दिसत होती. ‘इन्फेक्शन झालंय ना? मग अँटिबायोटिक द्या,’ असं त्यांचे भाऊ म्हणाले.

तो एक्स-रे काढायलाच नको होता. साध्या सर्दीतही सायनसच्या अस्तराला सूज येते, आत पाणी साचतं आणि फिल्मवर सावली पडते. ती विषाणूमुळे पडली की जिवाणूमुळे, हे फिल्म सांगत नाही. रंगाचंही तेच. हिरवेपणा येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइममुळे, आणि या पेशी विषाणूशी लढतानाही नाकात गोळा होतातच. तरी हिरवा रंग दिसला की लगेच गोळ्या लिहून देणारे आमच्यात कमी नाहीत.

मी त्यांना विचारलं, ‘परवापेक्षा आज बरं वाटतंय, तितकंच आहे, की जास्त त्रास होतोय?’ त्या थोडा विचार करून म्हणाल्या, ‘परवा सगळ्यात वाईट होतं. आज जरा सुसह्य आहे.’ ताप पहिले दोन दिवस होता, तोही शंभरच्या आसपास.

माझ्या दृष्टीने उत्तर यातच होतं. विषाणूची सर्दी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळस गाठते आणि मग हळूहळू उतरते. दहाव्या दिवशी थोडा खोकला, थोडं नाक उरलेलं असलं तरी कल उताराचाच असतो. जिवाणूचा संशय तीन प्रकारांत घ्यायचा. दहा दिवस झाले तरी तिळमात्र उतार नाही. किंवा सुरुवातीपासूनच १०२ अंश किंवा त्याहून जास्त ताप, सोबत पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्याचं दुखणं, आणि हे सलग तीन-चार दिवस. किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटू लागलं आणि मग पुन्हा उलटलं. त्या दिवशी त्या यातल्या कशातच बसत नव्हत्या.

मी पॅरासिटामॉल आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं सांगितलं. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं थेट नाकात घालू नये. नाक मोकळं करणारे थेंब त्या आधीपासून वापरत होत्या, ते थांबवायला सांगितलं. तीन ते पाच दिवसांपुढे हे थेंब चालू राहिले की त्यांच्यामुळेच नाक चोंदतं, आणि मग ‘दहा दिवस झाले, नाक मोकळं होत नाही’ या तक्रारीतून काही कळेनासं होतं. उलटलं तर लगेच या, आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, असह्य डोकेदुखी किंवा मान आखडणं यातलं काही झालं तर थेट इस्पितळात जा, असंही बजावलं.

सातव्या-आठव्या दिवशी त्या कामावर गेल्या. नवव्या दिवशी परत आल्या त्या १०२ ताप घेऊन. उजवा गाल ठणकत होता, खाली वाकलं की कळ वाढत होती आणि वरच्या दाढाही दुखत होत्या. दाढेतूनही एकाच बाजूचं सायनस पिकू शकतं, म्हणून एकेक दाढ ठोकून पाहिली. कुठलीही एकच दाढ वेगळी दुखत नव्हती. डोळे ठीक होते.

हा तिसरा प्रकार. सौम्य जिवाणू-सायनसायटिसमध्येही रुग्णावर लक्ष ठेवता येणार असेल तर काही दिवस थांबता येतं, पण इथे तापासह स्पष्ट उलटलं होतं. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही याची खात्री करून अमॉक्सिसिलिन-क्लाव्ह्युलॅनेट सात दिवस दिलं. भावाला ॲझिथ्रोमायसिन हवं होतं, ‘तीनच गोळ्या असतात’ म्हणून. पण सायनसमधला नेहमीचा जिवाणू न्यूमोकॉकस, आणि तो या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही.

मग अपेक्षित प्रश्न आला: ‘सहाव्या दिवशीच दिलं असतं तर?’ या प्रश्नाभोवती मी अजून घुटमळते आहे, कारण त्या घरात माझं उत्तर कुणाला पटलं नाही. सर्दीत आधीच अँटिबायोटिक दिल्याने पुढचा जिवाणू-संसर्ग टळतो असं दिसलेलं नाही. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांमागे फार तर दोन अशा उलटतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या वाट्याला जुलाब, पुरळ आणि अंगात मुरलेले चिवट जिवाणू यांचा धोका तेवढा येतो. त्या दोघांत कोण असणार हे सहाव्या दिवशी ओळखण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

औषध लागू पडतंय का, हे तिसऱ्या दिवशी पाहायचं. तोवर ताप किंवा ठणका कमी झाला नसता तर औषध बदलायचं किंवा निदानच पुन्हा तपासायचं होतं, आणि सीटी स्कॅनचा विचारही तेव्हाच. तशी वेळ आली नाही. दुसऱ्या रात्री ताप उतरला. नाक मात्र आणखी आठवडाभर थोडं चोंदलेलं राहिलं, आणि त्यासाठी अँटिबायोटिक पुढे वाढवा म्हणून भावाचा फोन आला. मी वाढवलं नाही.