ब्रेनव्हिटा : शेवटची गोटी कुठे उरूच शकत नाही

कोल्हापुरात शाळकरी मुलांच्या गणित-मंडळात मी हा प्रश्न नेहमी देतो, कारण पट बहुतेकांच्या घरी असतो. नसला तर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला 33 घरं आखायची आणि 32 चिंचोके घ्यायचे, काम भागतं. नियम सगळ्यांना ठाऊक आहेत: मधलं घर रिकामं, बाकी 32 घरांत गोट्या. शेजारच्या गोटीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात जायचं आणि जिच्यावरून उडी मारली ती गोटी उचलायची. उडी आडवी किंवा उभी, तिरकी नाही. प्रत्येक उडीत एक गोटी कमी होते, म्हणून 31 उड्यांनंतर एकच उरते.

प्रश्न असा: ही शेवटची गोटी मधल्या घराला अगदी चिकटून असलेल्या घरात आणता येईल का? मुलं लगेच खेळायला बसतात. अर्ध्या तासाने कुणीतरी म्हणतंच, "होतंय की सर, एकच उडी चुकली बघा." ती चुकलेली उडी काही सापडत नाही. इथे थांबायचं आणि पट बाजूला ठेवायचा. न जमणं म्हणजे अशक्य असणं नव्हे. खेळाचे फाटे इतके आहेत की हाताने सगळे तपासणं शक्यच नाही. प्रत्येक उडीत न बदलणारी एखादी गोष्ट सापडली, तर एकही खेळ न खेळता उत्तर देता येतं.

अशी गोष्ट शोधताना मी आधी एकाच उडीकडे बघतो. उडी एका ओळीतल्या सलग तीन घरांना हात लावते. पहिल्या घरातली गोटी जाते, मधल्यातली जाते, तिसऱ्यात येते. तीनपैकी प्रत्येक घराची अवस्था उलटी होते, भरलेलं रिकामं आणि रिकामं भरलेलं. बाकीची 30 घरं जशीच्या तशी राहतात.

यावर बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो तो बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंग, आणि तो फसतो. का फसतो हे समजून घ्यावं. सलग तीन घरांत दोन टोकं एका रंगाची आणि मधलं दुसऱ्या रंगाचं येतं. टोकांच्या रंगातून एक गोटी जाते आणि एक येते, म्हणजे तिथला आकडा तोच राहतो. मधल्या रंगातली एक गोटी कमी होते. पण मधलं घर कधी काळं, कधी पांढरं. कुठला आकडा घटणार हे खेळणाऱ्याच्या हातात राहिलं, तर त्या आकड्यावरून सिद्ध काहीच होत नाही.

उडी तीन घरांची आहे, म्हणून रंगही तीन हवेत, आणि कुठल्याही सलग तीन घरांत, आडव्या वा उभ्या, तिन्ही रंग एकेकदा यायला हवेत. तिरक्या पट्ट्यांनी रंगवलं की हे साधतं. रंगांना अ, ब, क म्हणूया:

```
    क अ ब
    अ ब क
क अ ब क अ ब क
अ ब क अ ब क अ
ब क अ ब क अ ब
    ब क अ
    क अ ब
```

हे स्केचपेनने पटावर लिहिताना एक चूक हमखास होते. वरच्या तीन घरांच्या ओळीवरून सात घरांच्या ओळीत उतरताना मुलं डावीकडून पुन्हा अ पासून सुरू करतात. कापलेल्या कोपऱ्यांत घरं आहेत असं समजूनच क्रम पुढे न्यायचा. लिहून झाल्यावर मोजून बघा: अ, ब, क प्रत्येकी 11 भरले पाहिजेत. नाही भरले तर कुठेतरी क्रम तुटला आहे.

आता उडी मारा. तिन्ही रंगांचं एकेक घर उलटं होतं, म्हणून अ घरांतल्या गोट्यांची संख्या एकाने वाढते किंवा घटते. ब आणि क यांचंही तसंच. याचा अर्थ तिन्ही संख्यांची सम-विषमता एकदम पालटते. तिन्ही एकदम पालटत असतील तर त्यांच्यातलं आपसातलं नातं पालटत नाही. ब आणि क आधी दोन्ही विषम असतील तर नंतर दोन्ही सम होतील, पण जोडी फुटणार नाही. कोण कुणाबरोबर आणि कोण वेगळा, हीच ती न बदलणारी गोष्ट.

सुरुवातीचे आकडे घ्या. मधलं घर अ आहे आणि रिकामं आहे, म्हणून अ 10, ब 11, क 11. ब आणि क एका बाजूला, अ वेगळा. खेळाच्या शेवटपर्यंत, कुठल्याही उडीनंतर, हेच राहणार.

शेवटी एकच गोटी उरते, म्हणजे एका रंगाची संख्या 1 आणि बाकी दोन्ही 0. वेगळा पडलेला रंग तो, ज्याच्यावर गोटी आहे. वेगळा तर अ असायला हवा, म्हणून शेवटची गोटी अ घरातच असेल. मधल्या घराला चिकटलेली चार घरं बघा: वरचं क, खालचं ब, डावं क, उजवं ब. चारांत एकही अ नाही. प्रश्न मिटला.

पण पट पूर्ण मिटलेला नाही. अ घरं 11 आहेत आणि आतापर्यंतच्या युक्तिवादाने त्या सगळ्यांना मोकळं सोडलं आहे. पट्ट्या आपण एकाच बाजूला तिरक्या काढल्या होत्या. त्याच उलट्या बाजूला काढा, म्हणजे वरच्या आकृतीची प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे लिहा. मधलं घर अ च राहतं, आकडे तेच येतात, आणि सगळा युक्तिवाद शब्दशः पुन्हा लागू होतो. शेवटच्या गोटीचं घर दोन्ही आकृत्यांत अ असलं पाहिजे. उदाहरणार्थ, दुसऱ्या ओळीतलं पहिलं घर पहिल्या आकृतीत अ आहे, पण उलट्या आकृतीत तिथे क येतो, म्हणून ते बाद. असं ताडून पाहिलं की 33 पैकी पाचच घरं उरतात: मधलं घर, आणि चारही बाहूंच्या टोकाच्या ओळीतलं मधलं घर.

या पाचांत गोटी खरंच उरते का, हे वरच्या हिशोबातून कळत नाही. ते खेळूनच दाखवावं लागतं. मध्ये शेवट करणारा खेळ जुना आणि माहितीतला आहे. एकाच गोटीच्या सलग उड्यांना एक चाल धरलं, तर अर्नेस्ट बर्गहोल्ट यांनी 1912 साली तो 18 चालींत सोडवला, आणि त्याहून कमी चालींत होत नाही हे जॉन बीझली यांनी 1964 साली दाखवलं. मध्ये शेवट होत असेल तर टोकाला शेवट फुकटात मिळतो. शेवटच्या उडीआधी मधल्या घरालगत, एका सरळ रेषेत, दोन गोट्या असतात. बाहेरच्या गोटीने आतल्या गोटीवरून उडी मारली तर ती मध्ये येते. आतल्या गोटीने बाहेरच्या गोटीवरून मारली तर टोकाच्या घरात जाते. पट चारही बाजूंनी सारखा आहे, त्यामुळे पट फिरवला की चारही टोकं मिळतात.

याच हिशोबाचा मला जास्त उपयोग होतो तो मात्र दुसऱ्या कामाला. कुणीतरी अर्धा खेळलेला पट घेऊन येतो, आणि आता काहीच जमत नाही अशी तक्रार असते. मी गोट्या रंगांप्रमाणे मोजतो. समजा 9 गोट्या आहेत: अ 2, ब 3, क 4. ब आणि क यांची जोडी फुटलेली आहे, म्हणजे कुठेतरी नियम मोडला. बहुतेक वेळा उडी मारून मधली गोटी उचलायची राहून गेलेली असते. अशा चुकीत टोकाचे दोन रंग पालटतात आणि मधल्या घराचा रंग पालटायचा राहतो. इथे क पालटला असता तर जोडी जुळली असती, म्हणजे न उचललेली गोटी क घरातली होती. तिन्ही संख्या सम किंवा तिन्ही विषम आल्या तर ती अ घरातली. क वेगळा पडला तर ब घरातली. चूक एकच झाली असेल तरच हे खरं. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात.

तिरकी उडी पकडताना एक गंमत आहे. ती पट्टीच्या दिशेने मारली असेल तर तिन्ही घरं एकाच रंगाची येतात, फक्त तोच रंग पालटतो आणि चोरी उघडी पडते. पट्टीला काटकोनात मारली असेल तर तिन्ही घरं वेगळ्या रंगांची येतात आणि ती उडी अगदी नियमाची असल्यासारखी निसटून जाते. ती उलट्या आकृतीत सापडते. म्हणून तपासताना दोन्ही आकृत्यांत मोजायचं.

37 घरांचा जुना फ्रेंच पट याच हिशोबात एका ओळीत निकालात निघतो. त्यात शेजारच्या दोन बाहूंमध्ये पडणाऱ्या चार आतल्या कोपऱ्यांत एकेक घर जास्त असतं. आपल्याच पट्ट्या पुढे वाढवल्या तर त्या चारांपैकी दोन अ, एक ब, एक क. एकूण अ 13, ब 12, क 12. मधलं घर रिकामं केलं की 12, 12, 12. तिन्ही सम, वेगळा कुणीच नाही. एकच गोटी उरली तर कुणीतरी वेगळा असावाच लागतो. म्हणून त्या पटावर मधलं घर रिकामं ठेवून सुरुवात केली तर एकच गोटी कुठल्याही घरात उरत नाही.

उलट्या बाजूने मात्र हा हिशोब वापरायचा नाही. नातं जुळलं म्हणून स्थिती गाठता येईलच असं नाही. पटावर मधोमध एकच गोटी ठेवा. तिचं आणि टोकाच्या घरातल्या एकट्या गोटीचं नातं दोन्ही आकृत्यांत तंतोतंत जुळतं, पण एकटी गोटी हलूच शकत नाही. सम-विषमतेला उड्यांची दिशा कळत नाही. उडी उलटी मारून गोटी परत ठेवली तरी हिशोब तोच राहतो.

तिथे न बदलणाऱ्या राशीऐवजी न वाढणारी रास लागते. जॉन कॉनवे यांचं 1961 सालचं कोडं त्याचा नमुना आहे. पट अमर्याद आहे, एका आडव्या रेषेखाली हव्या तितक्या, पण मोजक्या गोट्या आहेत, आणि नियम हेच. रेषेच्या वर चौथ्या ओळीपर्यंत गोटी पोचते, पाचव्या ओळीत कधीच नाही. पाचव्या ओळीतल्या लक्ष्य-घराला 1 वजन द्यायचं आणि आडवी-उभी पावलं मोजून दर पावलाला वजन सुमारे 0.618 पट करत जायचं. हा आकडा असा निवडलेला आहे की तो आणि त्याचा वर्ग मिळून बरोबर 1 होतात. त्यामुळे लक्ष्याकडे जाणाऱ्या उडीत एकूण वजन तेवढंच राहतं आणि दुसऱ्या कुठल्याही उडीत घटतं. रेषेखालची सगळीच्या सगळी अगणित घरं भरली तरी वजनांची बेरीज नेमकी 1 होते. मोजक्या गोट्यांची त्याहून कमी भरते, आणि लक्ष्य-घरात एक गोटी असायला 1 तर लागतोच.