दोन स्क्रीनशॉट आणि एक खूण

जीएसटीच्या रिटर्नची २० तारीख दुसऱ्या दिवशीच होती, त्यामुळे त्या दुपारी आमच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती. नाशिकला एका कर सल्लागाराकडे मी हिशेब बघते. साडेतीनच्या सुमारास पोळीभाजी केंद्रवाल्या काकूंचे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि पाठोपाठ फोन. "अगं, दोन ठिकाणी कर्ज मंजूर झालंय. पहिलं घेतेय, व्याज कमी आहे. ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे म्हणतात. तू फक्त एकदा बघून घे."

काकूंना डीप फ्रीझर आणि पोळ्यांचं यंत्र घ्यायचं होतं. दोन्ही कर्जं दोन लाखांची, २४ महिन्यांची. पहिल्या स्क्रीनशॉटवर मोठ्या अक्षरांत "व्याज फक्त १% दरमहा", प्रोसेसिंग फी ९९९ रुपये. दुसऱ्यावर "१८% वार्षिक", फी दोन टक्के, म्हणजे ४,००० रुपये. काकूंनी महिना एक टक्का म्हणजे वर्षाला बारा, असा हिशेब केला होता. बारा आणि अठरा, ९९९ आणि चार हजार. कोणीही पहिलंच निवडलं असतं.

पहिल्या फोटोत "१%" च्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. तिची तळटीप मात्र वाचता येईना, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं आणि बारीक अक्षरं विरघळतात. मी काकूंना तोच स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. तोवर जे वाचता येत होतं त्यावर आकडेमोड केली.

अशा वेळी मी दराकडे आधी बघतच नाही. हप्ता गुणिले महिने, त्यातून मुद्दल वजा, ही वजाबाकी पहिली. पहिल्या कर्जाचा हप्ता १०,३३३ रुपये. २४ हप्त्यांचे झाले २,४८,००० च्या आसपास, म्हणजे व्याज ४८,०००. दोन लाखांचे वर्षाला बारा टक्के म्हणजे २४,००० आणि दोन वर्षांचे ४८,०००. अगदी तंतोतंत. हा आकडा इतका सरळ जुळला की तिथेच समजायचं: हे व्याज फ्लॅट आहे, मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण दोन लाखांवरच लागतंय. थोड्या वेळाने आलेल्या स्वच्छ फोटोतल्या तळटिपीत तेच लिहिलेलं होतं.

दुसऱ्याचा हप्ता ९,९८५. एकूण २,३९,६४०, व्याज ३९,६४०. दर दीडपट दिसत असून व्याज आठ हजारांनी कमी.

काकूंना हे फोनवर पटेना. "अठरा बारापेक्षा कमी कसे होतील गं?" मग मी त्यांना महिन्यामहिन्याचं सांगितलं. पहिल्या महिन्यात फ्लॅटवाला २,००० रुपये व्याज घेतो आणि दुसरा, उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावणारा, ३,०००. इथे पहिलाच स्वस्त. पण वर्षभराने, तेराव्या महिन्यात, दुसऱ्या कर्जात साधारण १,०९,००० च शिल्लक उरलेले असतात, त्यावरचं व्याज १,६३४. शेवटच्या महिन्यात तर दहा हजारांच्या आत मुद्दल उरतं आणि व्याज दीडशे रुपयेसुद्धा होत नाही. फ्लॅटवाला मात्र शेवटच्या महिन्यातही तेच २,००० घेतो. जे पैसे तुम्ही केव्हाच परत केलेत त्यांचं भाडं ते. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "भांडी परत दिली तरी भाडं चालूच, असं झालं की." केटरिंगची भांडी भाड्याने आणणाऱ्या माणसाला याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

मग फी. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो स्क्रीनशॉटवर क्वचितच मिळवलेला असतो. ९९९ चे झाले १,१७९ आणि ४,००० चे ४,७२०. फीसह पहिलं कर्ज २,४९,१७९ ला पडतं, दुसरं २,४४,३६० ला. फरक ४,८१९ रुपये, आणि तोही जास्त दर, जास्त फी दिसणाऱ्याच्या बाजूने. मी काकूंना विचारलं, मध्येच फेडून टाकणार का? कारण फी पहिल्याच दिवशी जाते आणि व्याजातला फायदा हळूहळू मिळतो. चार-सहा महिन्यांत कर्ज बंद करायचं असेल तर पूर्ण मुदतीची ही तुलना लागू पडत नाही, शिवाय मुदतपूर्व फेडीचं शुल्क वेगळं बघावं लागतं. काकू म्हणाल्या, पूर्ण दोन वर्षं लागतील. मी म्हटलं, मग दुसरं घ्या.

आणि फोन ठेवला. तिथे मी घाई केली.

पाच वाजता चहा घेताना फोटो पुन्हा उघडला, तेव्हा जाणवलं की दुसऱ्या स्क्रीनशॉटची खालची कड फारच जवळून कापलेली आहे. "हातात येणारी रक्कम" ही ओळच त्यात नव्हती. मी लगेच फोन केला. "काकू, पुढे गेलात का?" त्या ओटीपीपर्यंत पोचल्या होत्या. थांबवलं आणि पडदा खाली सरकवून वाचायला सांगितलं. खाली एक चौकोन होता, आधीच खूण केलेला: कर्ज संरक्षण विमा, ६,२०० रुपये. हातात येणारी रक्कम १,८९,०८०.

सगळं उत्तरच फिरलं. विम्यासह दुसरं कर्ज २,५०,५६० ला पडत होतं, पहिल्यापेक्षा १,३८१ रुपयांनी महाग. मी तासाभरापूर्वी छातीठोकपणे सांगितलेलं चूक ठरत होतं, आणि ते माझं मलाच फार लागलं. समोर दिसतंय तेवढंच मोजलं. जे दिसत नाही ते विचारायचं राहिलं.

मग त्यांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचं पत्रक, उघडायला लावलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ते सगळीकडे बंधनकारक केलंय. फी, विमा असं सगळं धरून निघणारा वार्षिक दर त्यात एका ओळीत द्यावा लागतो. तिथे २३.९ टक्के दिसत होता. काकूंनी विम्याची खूण काढली, तो ऐच्छिकच होता, आणि नवीन पत्रक आलं: २०.५ टक्के. पहिल्या कर्जाचंही पत्रक मागवलं. "महिना १%" वाल्याचा तोच दर २२.२ टक्के निघाला. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

काकूंना अजून एक धास्ती होती, रात्री बाराला ऑफर संपली तर? अशा मुदतीच्या कर्जाचं पत्रक किमान तीन कामाचे दिवस वैध ठेवावं लागतं, हे मी त्यांना त्याच पत्रकावर वाचून दाखवायला लावलं. वैधतेची तारीख होतीच. मग त्यांनी त्या दिवशी काही केलंच नाही. रात्री मुलाला दोन्ही पत्रकं दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं कर्ज घेतलं.

दुपारी माझी रिटर्न भरण्याची धावपळ चालू असताना त्यांचा मेसेज आला, बँकेच्या एसएमएसचा पूर्ण, न कापलेला स्क्रीनशॉट: १,९५,२८० रुपये जमा. खाली त्यांनी लिहिलं होतं, "दोन लाखातून ४,७२० गेले. बरोबर ना?" बरोबर होतं.