टोकाच्या वेली

कॅलिफोर्नियातल्या डिलानो भागात द्राक्षाच्या बागा पाहणं हे माझं काम. गाव निफाड तालुक्यातलं, त्यामुळे वेल ओळखीची, बाकी सगळं वेगळं. इथे वर्षातून एकदाच छाटणी होते, एक ओळ सहाशे फूट लांब असते आणि पाणी देणारा माणूस बागेचा मालक नसतो. त्याला ‘रेगादोर’ म्हणतात. व्हॉल्व्ह उघडणं, फिल्टर धुणं, टाकीतून खत सोडणं आणि फुटलेली नळी जोडणं ही सगळी त्याचीच कामं. कधी, किती आणि काय सोडायचं ते मात्र ऑफिसातून आलेला कागद ठरवतो.

जूनच्या मध्यात एका ब्लॉकमधून फोन आला. मणी फुगायचे दिवस होते आणि ओळींच्या शेवटच्या तिसऱ्या भागातल्या वेली पिवळ्या पडायला लागल्या होत्या. मायोर्डोमोने, म्हणजे मुकादमाने, निकालही देऊन टाकला होता: पाणी कमी पडतंय, दोन तास वाढवा. शिवाय पाणी देणाऱ्या माणसांना ड्रीप समजत नाही, त्यांना एकदा शिकवून टाका, असंही वर होतं. पीक बिघडलं की शिकवणी खालच्या माणसाला लावायची, ही रीत दोन्ही देशांत सारखीच आहे.

उन्हामुळे पहाटे साडेपाचलाच जमलो. इथे तापमान 80 फॅरनहाइटच्या वर गेलं की मालकाने सावली उभारावी असा कायदाच आहे, म्हणून चाकांवरचा मांडव ओढून आणलेला होता. ऑफिसने प्रशिक्षणाचं पत्रक दिलं होतं, स्पॅनिशमध्ये, पण इंग्रजीवरून केलेलं. त्यात ‘वितरणाची एकसमानता’ वगैरे होतं. मी ते गाडीतच ठेवलं. या माणसांना नळी म्हणजे ‘मांगेरा’, ड्रीपर म्हणजे ‘गोतेरो’, दाब म्हणजे ‘लिब्रास’ आणि चोंदलेलं म्हणजे ‘तापादो’. एवढ्या शब्दांत ड्रीपचं जवळजवळ सगळं सांगता येतं, आणि मला स्पॅनिश त्याहून फार जास्त येतही नाही.

मुकादम हळूच म्हणाला, मागे उभी असलेली ती चार पोरं मठ्ठ आहेत, काहीही सांगा, नुसती मान हलवतात. ती पोरं मेक्सिकोतल्या ओआहाकाची होती. त्यांची घरची बोली मिश्तेक, स्पॅनिश त्यांच्यासाठीही परकी. मुकादमाला हे माहीत नव्हतं असं नाही, त्याने ते कधी हिशेबातच धरलं नव्हतं. टोळीतली एक बाई दोन्ही भाषा बोलणारी होती. तिला मी पुढे उभं केलं आणि वाक्यं तोडून तोडून बोलायला लागलो. हे उघड. ते मोज. बोट लाव.

आधी वेल. शेंडा आणि बाळी, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू, बघायला सांगितली. तहान नसलेल्या वेलीची बाळी शेंड्याच्याही पुढे ताठ गेलेली असते. पाणी तुटलं की ती आधी लोंबते, मग सुकते, आणि हे पान पिवळं पडण्याच्या कितीतरी आधी दिसतं. मात्र ते सकाळीच बघायचं, दुपारी तीनला या उन्हात सगळ्याच वेली मरगळलेल्या दिसतात. ओळीच्या सुरुवातीला बाळ्या ताठ होत्या, मध्यापर्यंत ठीक होत्या, आणि शेवटच्या वीसेक वेलींवर सुकलेल्या सुतळीसारख्या. सगळी ओळ तहानलेली असती तर तास वाढवून उपयोग होता. इथे टोकच तहानलेलं होतं. तास वाढवले तर सुरुवातीच्या वेलींची मुळं चिखलात बसली असती आणि टोकाला फरक शून्य.

मग दाब. शेवटच्या नळीच्या टोकाला गेज लावलं, बारा पौंड, म्हणजे दाब चांगला. माझ्यासाठी अर्धं निदान इथेच झालं, आणि हाच टप्पा पोरांना नीट दिसावा म्हणून मी मुद्दाम वेळ घेतला. टोकाला दाब कमी असेल तर चूक मागे कुठेतरी असते: फुटलेली नळी, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह किंवा भरलेला फिल्टर. दाब चांगला आहे, पण थेंब नाही, तर चूक गोतेरोत. शेजारच्या ओळीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून गेजचा काटा कसा पडतो तेही दाखवलं. त्या चारांतला एक जण नंतर स्वतःच गेज घेऊन पुढच्या ओळींना लावत फिरला आणि बोटांनी आकडे दाखवत आला.

मग औषध मोजायचे छोटे कप वाटले. आमच्या ब्लॉकमधला ड्रीपर तासाला अर्धा गॅलनचा, म्हणजे मिनिटाला साधारण एकतीस मिली पाणी पडायला हवं. प्रत्येकाने आपापल्या वेलीखाली बसून एक मिनिट कप धरला. यात एक खाच आहे. नळी तारेवर टांगलेली असते, आणि ती सैल पडली असेल तर ड्रीपरमधून निघालेला थेंब नळीच्या पोटावरून सरकत खोलगट भागापर्यंत जातो आणि तिथे पडतो. मग कप रिकामा राहतो आणि चांगला ड्रीपर बदनाम होतो. म्हणून ड्रीपरच्या दोन्ही बाजूंना नळीवर सुताचा तुकडा बांधायचा, म्हणजे थेंब तिथेच उतरतो. सुरुवातीला कपात तीस-एकतीस आले, मध्यावर सव्वीस-सत्तावीस, टोकाला अकरा, नऊ, एका ठिकाणी चार. कप एका रांगेत मातीवर ठेवल्यावर कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

टोकाचा एक ड्रीपर कापला. आत पांढरा थर. इथल्या विहिरींच्या पाण्यात चुना भरपूर, त्यामुळे मुकादम लगेच म्हणाला, चुनाच. मी गॉगल आणि हातमोजे चढवून त्या थरावर ॲसिडचा थेंब टाकला. चुना असता तर फसफसला असता. हा थर न फसफसता विरघळत गेला. म्हणजे तो चुना, कॅल्शियम कार्बोनेट, नव्हता. मला संशय फॉस्फेटचा आला, आणि फॉस्फेट विहिरीतून इतकं येत नाही, ते आपणच सोडलेलं असतं.

म्हातारा रेगादोर इतका वेळ मागे उभा होता. मला ही सगळी माणसं ‘इन्हे’ म्हणतात, इंजिनियरचं आखूड रूप. तो जवळ आला आणि म्हणाला, “इन्हे, मे महिन्यात नळ्या धुताना टोकातून दूध यायचं. मी मुकादमाला सांगितलं होतं.” मुकादमाच्या वहीत त्या दिवसापुढे ‘नळ्या धुतल्या’ असं लिहिलेलं होतं, पुढे बरोबरची खूण.

मी त्याला विचारलं, खत कसं सोडता? त्याने शर्टाच्या खिशातून घड्या घातलेले ऑफिसचे कागद काढले, एकेका आठवड्याचे, एकही न हरवलेले. एप्रिलच्या अखेरीपासून प्रत्येक कागदावर एकाच दिवशी, एकाच पाण्यात दोन खतं होती: कॅल्शियम नायट्रेट आणि द्रवरूप फॉस्फेट. त्याने एक संपलं की लगेच दुसरं सोडलं होतं, कागदावर होतं तसं.

निफाडच्या कुठल्याही खत-दुकानात हे सांगतात की ही दोन एकत्र टाकायची नाहीत. नियम इतका ओळखीचा की त्यामागचं चित्र मीही फारसं कुणाला दाखवलेलं नव्हतं. काचेची बरणी मागवली, त्याच विहिरीचं पाणी भरलं, कागदावरच्या प्रमाणात आधी कॅल्शियम नायट्रेट घातलं. पाणी नितळ. मग फॉस्फेट घातलं आणि ढवळलं. काही वेळात पाणी गढूळ पांढरं झालं आणि नंतर बुडाशी गाळ बसायला लागला. म्हातारा बरणीकडे बोट दाखवून फक्त एवढंच म्हणाला, “हेच.”

गाळ टोकालाच का बसला तेही तिथेच सांगितलं. ओळीच्या सुरुवातीला नळीतून सगळ्या वेलींचं पाणी वाहत असतं, म्हणून वेग असतो. प्रत्येक ड्रीपर आपला वाटा घेत जातो, आणि शेवटच्या वेलींपाशी पाणी इतकं संथ होतं की सोबतचं सगळं खाली बसतं. म्हणून टोकं उघडून धुवायची. पण तीही एका वेळी पाच-सहाच. इथे घाईत पन्नास टोकं एकदम उघडायची सवय होती. मग दाब पडतो, पाणी नुसतं ओघळतं आणि गाळ जागचा हलत नाही. पाच उघडून दाखवली तेव्हा आधी पांढरं, मग तपकिरी, मग स्वच्छ पाणी आलं. ते स्वच्छ होईपर्यंत थांबायचं, घड्याळाकडे बघायचं नाही.

खताला मात्र घड्याळ लागतं. सोडलेलं खत शेवटच्या ड्रीपरला कधी पोहोचतं ते क्षारमापकाने पाहिलं, पस्तीस मिनिटं लागली. म्हणजे आधी दाब स्थिर होईपर्यंत नुसतं पाणी, मधे खत, आणि शेवटी किमान पस्तीस, खरं तर तासभर, पुन्हा नुसतं पाणी. कॅल्शियम आणि फॉस्फेट वेगवेगळ्या दिवशी. हे मी टाकीवर मार्करने लिहिलं नाही. त्या बाईने घड्याळाची चित्रं काढली, पाण्यासाठी निळा थेंब, खतासाठी बादली, आणि एकाच दिवसावर दोन बादल्या काढून त्यावर मोठी फुली. ऑफिसच्या पत्रकापेक्षा ते चांगलं होतं.

पुढच्या आठवड्यात ॲसिड सोडलं. पाण्याचा सामू 2 ते 3 वर आणायचा, ते पाणी नळ्यांत तासभर धरायचं, मग टोकं उघडून धुवायचं. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि क्लोरीनची टाकी त्या दिवशी कुलपात, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. एवढं एकच वाक्य मी दोन्ही भाषांत प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतलं. टोकाच्या बऱ्याच ड्रीपरचं पाणी वीसच्या वर गेलं. जे हललेच नाहीत त्यांच्या शेजारी नळीला भोक पाडून नवे बसवले.

पानं हिरवी झाली, मणी नाही. मणी फुगायचे जे आठवडे गेले ते पाणी देऊन परत मिळत नाहीत. टोकाच्या वेलींचे घड तोडणीला आले तेव्हा मणी लहान होते आणि ते पेटीत भरण्यालायक ठरले नाहीत.

माझ्या अहवालात मी कारण लिहिलं होतं: खतांचं वेळापत्रक. सोबत म्हाताऱ्याच्या खिशातल्या कागदांचे फोटो जोडले होते. वर गेलेल्या अंतिम प्रतीत ‘खत सोडताना कामगारांकडून हाताळणीतील त्रुटी, प्रशिक्षण देण्यात आले’ असं आहे. मी लिहून आक्षेप नोंदवला, त्याला उत्तर आलेलं नाही. नवीन वेळापत्रकात मात्र कॅल्शियम सोमवारी आणि फॉस्फेट गुरुवारी आहे, कुणी आणि का बदललं याची कुठेही नोंद नसताना. म्हातारा आता प्रत्येक नवीन खत आलं की आधी बरणीत मिसळून रात्रभर ठेवतो, आणि कागद अजूनही खिशात जपतो.