खालचा डी

फोंड्याच्या बाजूच्या एका शाळेत मी आठवड्यातून दोनदा रेकॉर्डर ही फुंकून वाजवायची बासरी शिकवतो. गणेश चवथीआधीच्या कार्यक्रमासाठी बावीस मुलांना फुगडीची एक चाल बसवायची होती. मुख्याध्यापक म्हणाले, "सगळ्यांना एकच द्या, दिसायला बरं." पण अर्ध्या मुलांना जेमतेम बी, ए, जी हे सूर येतात, त्यांनी करायचं काय?

चाल पाच सुरांची. जीला सा धरला की वर डीपर्यंत जाते आणि उजव्या हाताची बोटं लागतच नाहीत. ती सात तयार मुलांना दिली. वरच्या डीला अंगठा सुटतो, एकच बोट उरतं आणि वाद्य हातात डळमळतं, म्हणून ती सातच. नवख्यांसाठी मी खाली लांब सूर लिहिले: चार-चार मात्रांचा डी, मग जी. तंबोऱ्यासारखं, सोपं.

इथेच मी फसलो. खालच्या डीला अंगठा आणि सहा बोटं, म्हणजे सात भोकं नीट झाकावी लागतात. एक बोट जरा सरकलं की सूर फाटून वर चिरकतो. घाबरलेलं मूल जोरात फुंकतं, त्यानं तो आणखी फाटतो. शिवाय चार मात्रा श्वास पुरत नाही, सूर शेवटाला उतरतो. कागदावर सगळ्यात रिकामा दिसणारा भाग हातात सगळ्यात अवघड होता. पाचवीतली एक मुलगी आठवडाभर तेच फुंकत राहिली आणि शेवटी वाद्य खाली ठेवून म्हणाली, "सर, जमना."

त्या रात्री तो भाग नव्याने लिहिला, फक्त बी, ए, जीमध्ये. गंमत म्हणजे तेवढे तीन सूर पुरतात. चाल सा-ग-पवर असली की बी, पंचमाच्या अंगाला गेली की ए, मध्यमावर आली की जी. एक मात्रा वाजवायची, एक गप्प राहायचं, त्यातच श्वास घ्यायचा. एकच जागा खटकली. चौथ्या बारमध्ये चाल वरच्या सीवर थांबते आणि मी सवयीने खाली बी ठेवला होता. अर्ध्या स्वराचं अंतर, कानाला खरखर. तिथे जी टाकला आणि भांडण मिटलं. खालचे सूर ज्यांची बोटं पुरतात अशा आठवीच्या तिघांना दिले.

सोमवारी नवे कागद वाटले. त्या मुलीने आपला कागद पाहिला, काही बोलली नाही, आणि खालचा डी वाजवून दाखवला. स्वच्छ. घरी रोज करत होती म्हणे.

शेवटच्या बारमध्ये तिच्या कागदावर पेन्सिलने एक डी लिहिला आहे. बाकीचे जी आणि बीवर असतात, तो बसतो. पण स्टेजवर ती जोरात फुंकणार हेही मला माहीत आहे. कार्यक्रम शनिवारी आहे आणि खोडरबर अजून माझ्या खिशात आहे.