ओनरशिपचा फ्लॅट, लीजची जमीन

बाबांचा दादरचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा लिस्टिंगमध्ये फ्रीहोल्ड की लीजहोल्ड असा रकाना होता, मी बिनधास्त फ्रीहोल्ड टाकलं. आपल्याकडे ओनरशिपचा फ्लॅट म्हणतात ना, मग मालक आपणच! चुकलं तिथेच. ओनरशिप फ्लॅटची असते, जमीन सोसायटीच्या नावावर आहे की भाड्याची हा वेगळाच हिशोब.

गिऱ्हाईक लगेच मिळालं, टोकनही झालं. मग त्यांच्या बँकेच्या वकिलाने प्रॉपर्टी कार्ड मागवलं आणि विचारलं, लीज किती उरलंय? कार्डावर चक्क पट्टेदार म्हणून सोसायटी, मालक दुसराच. लीज डीड 1935 चं, मुदत 99 वर्षं, म्हणजे 2034 ला संपणार. गिऱ्हाइकाला 20 वर्षांचं लोन हवं होतं, बँक म्हणाली लोन लीजच्या आधी फिटायला हवं किंवा नूतनीकरणाचं पत्र आणा. दोन्ही जमणारं नव्हतं.

तरी मी म्हटलं निदान विक्रीची एनओसी तरी काढू, कारण आमच्या डीडमध्ये हस्तांतराला जमीनमालकाची लेखी परवानगी लागते असं कलम आहे (सगळ्या डीडमध्ये असतंच असं नाही, आपलं वाचा). इथे पाच महिने गेले. जमीनमालकाच्या ऑफिसने पहिल्या खेपेला अर्ज घेतलाच नाही, सोसायटीने भुईभाडं भरलेलं नाही म्हणे. सेक्रेटरी काकांनी कपाटातून पावत्यांचा गठ्ठा काढला, त्यात मधली चार वर्षं गायब. रक्कम वर्षाला जेमतेम काहीशे रुपये, पण नोंद नाही म्हणून व्याज लावून परत भरली. मग दुसऱ्या टेबलावर विचारलं, आधीच्या फ्लॅटविक्रीच्या परवानग्या कुठे आहेत? शेजाऱ्यांनी 1998 ला विकला होता, परवानगी न घेता! त्याचा शर्तभंग आमच्या फाइलला चिकटला. शेवटी सोसायटीने जनरल बॉडीत ठराव करून ती जुनी विक्री नियमित करायचा वेगळा अर्ज दिला, तेव्हा कुठे आमची फाइल हलली. हस्तांतर शुल्क आम्हीच भरलं, टोकन मात्र परत द्यावं लागलं, गिऱ्हाईक कंटाळून गेलं होतं.

हो, एक राहिलं. लीज संपलं की कुणी दुसऱ्या दिवशी बाहेर काढत नाही, पण नूतनीकरण आपोआप होईल असंही धरू नका. ते सोसायटीने मागायचं असतं आणि भुईभाडं नव्या दराने ठरतं, मग मेंटेनन्स वाढतोच. रीडेव्हलपमेंटचा बिल्डरही आधी हेच विचारतो. फ्रीहोल्डमध्ये ही कटकट नाही, पण तिथेही कन्व्हेयन्स झालंय का बघा, नाहीतर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते.

मग मी लिस्टिंग बदलली, "लीजहोल्ड, 2034 पर्यंत, एनओसी हातात" असं सरळ लिहिलं. लोन न लागणारं एक जोडपं आलं, भाव थोडा पाडून घेतला त्यांनी, पण दीड महिन्यात रजिस्ट्रेशन झालं.